एका तोंडाच्या दोन बाजू

गेल्या पावसाळ्यात एमडीएस करणारी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. प्रबंध हिरड्यांच्या विकारावरचा. रुग्ण तपासून झाले होते, मापं घेऊन झाली होती, एक्सेलची शीट बघणाऱ्याला हेवा वाटावा इतकी नीटनेटकी होती. तरी चेहरा पडलेला. म्हणाली, "सर, जेलने फरक पडतोय हे मला खुर्चीवर रोज दिसतं. पण पी-व्हॅल्यूच येत नाही."

पी-व्हॅल्यू 'येत नाही' हा आमच्याकडचा खास वाक्प्रचार आहे. एसटी येत नाही, तशी ती येत नाही. मी शीट बघितली आणि दोन मिनिटांत लक्षात आलं की गाडी आलेली होती, ही चुकीच्या फलाटावर उभी होती.

आधी तिने काय केलं होतं ते सांगतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी माणसातही एक बारीक फट असते, साधारण एक ते तीन मिलिमीटर खोल. हिरडीला सूज येऊन ती दातापासून सुटायला लागली, आतलं हाड झिजायला लागलं, की ही फट पाच-सहा मिलिमीटरपर्यंत खोल जाते. दाताचे डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी अलगद आत घालून ते ही खोली मोजतात. उपचाराची पहिली पायरी म्हणजे दातांवर आणि मुळांवर साचलेलं कीटण खरवडून काढणं. तिला विचारायचं होतं ते एवढंच: खरवडून झाल्यावर पॉकेटमध्ये क्लोरहेक्सिडीनचं जेल भरलं, तर खोली आणखी कमी होते का?

यासाठी तिने रुग्णांचे दोन गट केले नाहीत. दोन्ही बाजूंना सारखाच आजार असलेले रुग्ण निवडले आणि प्रत्येकाच्या तोंडाचेच दोन भाग केले. कुठल्या बाजूला जेल, हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीने ठरवलं. त्या बाजूला सफाई आणि जेल, दुसऱ्या बाजूला नुसती सफाई. तीन महिन्यांनी दोन्हीकडची खोली किती मिलिमीटर कमी झाली ते मोजलं. या पद्धतीला स्प्लिट-माउथ म्हणतात.

दंतवैद्यकात तिचा उगम सहसा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शोधला जातो. नॉर्वेत जन्मलेले सिगुर्ड रामफ्योर्ड तिथे हिरड्यांच्या विकारांचे प्राध्यापक होते. पॉकेट शस्त्रक्रियेने काढून टाकायचं की आतला भाग नुसता खरवडायचा, हा तेव्हाचा मोठा वाद होता. रामफ्योर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच रुग्णाच्या तोंडाच्या एका अर्ध्या भागावर एक उपचार केला आणि दुसऱ्या अर्ध्यावर दुसरा. कारण त्यांना चांगलंच ठाऊक होतं. हिरड्या माणसागणिक फार वेगळ्या वागतात. एकजण तंबाखू खातो, दुसऱ्याला मधुमेह, तिसरा दिवसातून तीनदा ब्रश करतो, चौथ्याच्या आईवडिलांचेही दात चाळिशीतच हलायला लागले होते. वेगवेगळ्या माणसांवर वेगवेगळे उपचार करून तुलना केली, तर उपचारांतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक या सगळ्या गोंगाटात बुडून जातो. एकाच तोंडाच्या दोन बाजूंना मात्र तंबाखू तीच, साखर तीच, लाळ तीच आणि आईबापही तेच.

चिठ्ठी मात्र टाकायलाच हवी. ब्रश बहुतेकजण एकाच हाताने करतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या घासल्या जात नाहीत. डॉक्टरचा हातही एका बाजूला जास्त सरावलेला असतो. प्रत्येक वेळी उजवीकडेच जेल भरलं, तर जेलचा गुण आणि बाजूचा गुण एकमेकांत मिसळतात आणि मग कोणालाही ते वेगळे करता येत नाहीत.

तिची रचना इथपर्यंत बिनचूक होती. घोटाळा झाला तो पुढे. शीटमध्ये एक रकाना जेलच्या बाजूचा होता, दुसरा साध्या बाजूचा. तिने दोन्ही रकाने सॉफ्टवेअरला दिले आणि दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी निवडली. हे दोन आकडे एकाच माणसाच्या तोंडातून आलेत हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? त्याच्या लेखी ती सोळा वेगवेगळी माणसं होती.

तिचे खरे आकडे इथे देणं योग्य नाही. त्याच वळणाचे आठ रुग्णांचे आकडे मी या लेखासाठी बनवले आहेत. पॉकेटची खोली किती मिलिमीटरने कमी झाली, ते प्रत्येक बाजूच्या सरासरीत दिलं आहे.

| रुग्ण | जेलची बाजू | साधी बाजू | फरक |
|---|---|---|---|
| १ | २.९ | २.० | ०.९ |
| २ | १.४ | १.१ | ०.३ |
| ३ | २.१ | २.० | ०.१ |
| ४ | १.२ | ०.५ | ०.७ |
| ५ | १.९ | १.४ | ०.५ |
| ६ | २.२ | २.४ | –०.२ |
| ७ | १.६ | १.० | ०.६ |
| ८ | २.३ | २.० | ०.३ |

पहिल्या रकान्याची सरासरी १.९५, दुसऱ्याची १.५५. म्हणजे जेलने सरासरी ०.४ मिलिमीटर जास्त फायदा. आता प्रश्न उरतो तो या ०.४ वर कितपत भरवसा ठेवायचा हा.

मधले दोन रकाने वरून खाली वाचत जा. जेलच्या बाजूला १.२ पासून २.९ पर्यंत आकडे आहेत, साध्या बाजूला ०.५ पासून २.४ पर्यंत. एवढ्या पसाऱ्यात ०.४ चा फरक किरकोळच वाटणार. स्वतंत्र गटांचं गणित हेच बघतं. त्यातून सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे पुन्हा पुन्हा असाच अभ्यास केला तर हा फरक साधारण किती इकडेतिकडे सरकेल याचा अंदाज, ०.३० येते. त्यावरून ९५ टक्के विश्वासाची कक्षा काढली तर ती उणे ०.२४ पासून १.०४ पर्यंत पसरते. मधे शून्य आहे. पी-व्हॅल्यू ०.२ च्या आसपास. गाडी आली नाही.

आता शेवटचा रकाना वाचा. आठपैकी सात जणांमध्ये जेलची बाजू पुढे आहे. चौथ्या रुग्णाच्या हिरड्या एकूणच आळशी, दोन्हीकडे सुधारणा कमी. पण त्याच्यातही जेलची बाजू ०.७ ने सरस. पहिल्याच्या हिरड्या उत्साही, दोन्हीकडे भरपूर सुधारणा. तिथेही जेल पुढेच. माणसामाणसातला तो मोठा पसारा वजाबाकी केल्याबरोबर गळून पडला. या फरकांच्या रकान्याची प्रमाण त्रुटी निघते ०.१२, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. विश्वासाची कक्षा ०.११ ते ०.६९. पी-व्हॅल्यू ०.०१ आणि ०.०२ च्या मधे. रुग्ण तेच, आकडे तेच, फक्त जोड्या जोड्याच राहिल्या.

हे गणित नवं नाही. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकरीला होते आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत. त्यांनी १९०८ साली टी-चाचणी मांडली, तेव्हा उदाहरण घेतलं ते त्याच रुग्णांवर दोन झोपेची औषधं देऊन बघितल्याचं. म्हणजे टी-चाचणीच्या जन्मापासूनच जोडी तिच्या सोबत आहे.

वजाबाकीने पसारा किती आटोक्यात येईल, हे एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: दोन्ही बाजू एकमेकींसारख्या किती वागतात. या साम्याचं माप म्हणजे सहसंबंध, रुग्णाच्या आतला सहसंबंध. तो शून्य असेल तर एका बाजूवरून दुसरीचा काहीच अंदाज येत नाही. एक असेल तर एक बाजू सांगितली की दुसरी पाठोपाठ ठरतेच. आमच्या आठ रुग्णांत तो ०.८४ आहे, बराच चढा. खऱ्या तोंडांत तो कमी-जास्त असतो आणि काय मोजतोय त्यावरही बदलतो. दोन्ही बाजूंचा पसारा सारखा धरला, तर फरकाचा पसारा असा लिहितात:

`Var(d) = 2σ²(1 − ρ)`

इथे ρ म्हणजे तो सहसंबंध. ρ जितका मोठा, तितका कंस लहान. अभ्यासाला किती रुग्ण लागतील हे याच कंसावर ठरतं. समजा वेगवेगळ्या माणसांचे दोन गट करून अभ्यास करायला एकूण १२० रुग्ण लागतात. स्प्लिट-माउथमध्ये सहसंबंध ०.५ असेल तर साधारण ३० पुरतात, ०.८ असेल तर १२. अगदी शून्य असला तरी ६० लागतील, कारण एकेक माणूस दोन्ही गटांत हजेरी लावतो. एमडीएसच्या तीन वर्षांत रुग्ण मिळवायचे, उपचार करायचे, पुन्हा बोलवायचे आणि प्रबंधही लिहायचा. त्या विद्यार्थ्यांना ही रचना का आवडते, ते या आकड्यांवरून कळावं.

पण या सवलतीला एक छुपी किंमत आहे. दोन्ही बाजूंना सारखाच आजार असलेले रुग्ण मिळावे लागतात. बाह्य रुग्ण विभागातल्या रांगेत अशांना शोधायला बसलं की कळतं, एका बाजूची दाढ काढलेली, दुसऱ्या बाजूने कवळी, तिसऱ्याला फक्त खालीच त्रास. फिलिप उजोएल आणि वॉल्टर लोश यांनी १९९० सालीच दाखवलं होतं की रोगाच्या जागा दोन्हीकडे सारख्या वाटलेल्या नसतील तर या रचनेची काटकसर झपाट्याने आटते. आणि एवढे चाळून घेतलेले रुग्ण मिळाले तरी निष्कर्ष त्यांच्यासारख्यांनाच लागू. एकाच बाजूला आजार असलेल्या माणसाबद्दल अभ्यास काहीच सांगत नाही.

माझ्या विद्यार्थिनीची कहाणी इथे संपली असती, पण तिच्या फाइलमध्ये दुसरा टॅब होता. गाइडने सुचवलं म्हणून तिने तिथे प्रत्येक पॉकेटची वेगळी नोंद ठेवली होती. दर बाजूला साधारण तीस जागा, दोन बाजू, आठ रुग्ण, म्हणजे ४८० ओळी. तिने या टॅबवरही तीच स्वतंत्र गटांची चाचणी लावली होती आणि इथली पी-व्हॅल्यू अगदी देखणी होती, दशांश चिन्हानंतर तीन शून्यं. "मग ही चालेल का?" तिचा आवाज आशेने भरलेला.

नाही चालणार. ४८० जागा आहेत, पण माणसं आठच. एका माणसाच्या हिरड्यांमधल्या तीस जागा म्हणजे तीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच घरातली तीस माणसं एकच हकीगत सांगतायत. या चुकीला संशोधक मोजणीच्या एककाची चूक म्हणतात. एकूण जागा किती हे ठळक टायपात छापलेलं आणि रुग्ण किती ते तळटीपेत ढकललेलं असेल, तर वाचकाने तिथेच थबकावं.

इथे एक गंमत आहे, जी मलाही कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावरच पटली. हा सहसंबंध दोन दिशांना ओढतो. एका बाजूच्या तीस जागा एकमेकींसारख्या वागतात म्हणून त्या बाजूची सरासरी वाटते तितकी पक्की नसते. इथे सहसंबंध नुकसान करतो. पण डाव्या आणि उजव्या बाजूमधलं साम्य वजाबाकीत कापलं जातं. तिथे तोच फायदा करतो. दोन्ही साम्यं समसमान असतील, म्हणजे शेजारची पॉकेटं जितकी सारखी तितकीच समोरच्या बाजूचीही, तर दोन्ही ओढी जवळजवळ रद्द होतात आणि जागांना स्वतंत्र धरणारं गणित उलट जरुरीपेक्षा जास्त सावध ठरतं.

पण तोंडात तसं सहसा नसतं. शेजारी शेजारीच. कोणी एकाच बाजूने चावतो, कोणाच्या एका बाजूचा वरचा दात गेलेला म्हणून खालच्यावर कीटण साचतं. त्याहून महत्त्वाचं, जेलला सगळ्यांच्या हिरड्या सारखा प्रतिसाद देत नाहीत. एखाद्याला तो मानवतो तेव्हा त्याच्या जेलच्या बाजूच्या सगळ्याच जागा मिळून सुधारतात. त्यामुळे एका बाजूतलं साम्य समोरच्या बाजूशी असलेल्या साम्यापेक्षा थोडं जास्त असतं. समजा एका बाजूतल्या जागांमध्ये ते ०.३ आहे आणि दोन बाजूंमध्ये ०.२. फरक बघायला किती क्षुल्लक. पण दर बाजूला तीस जागा असतील तर सरासरी फरकाचा खरा पसारा, सगळ्या जागा स्वतंत्र मानून काढलेल्या पसाऱ्याच्या ३.७ पट निघतो, आणि विश्वासाची कक्षा जवळजवळ दुप्पट रुंद व्हायला हवी. तिच्या तीन शून्यांचं रहस्य हेच होतं.

पहिल्या टॅबवर तिने जोडी तोडली आणि खरा फरक हरवला. दुसऱ्या टॅबवर तिने माणूस तोडला आणि नसलेली खात्री कमावली. चूक एकाच मुळाची, पण परिणाम एकमेकांच्या विरुद्ध. म्हणूनच 'सहसंबंध विचारात घेतला नाही' एवढं म्हणून भागत नाही. त्यामुळे निकाल कुठल्या दिशेला झुकला तेही बघावं लागतं.

उपाय दोन आहेत. साधा उपाय म्हणजे दर बाजूच्या सगळ्या जागांची सरासरी काढायची, मग रुग्णागणिक वजाबाकी करायची, आणि त्या आठ फरकांवर जोडीची चाचणी करायची. पहिल्या टॅबमधले आकडे तसेच होते. दुसरा उपाय म्हणजे बहुस्तरीय प्रतिरूप: त्यात रुग्ण, बाजू, दात आणि जागा असे थर मांडतात आणि प्रत्येक थराचा पसारा वेगळा मोजला जातो. ज्या जागेची सुरुवातच सात मिलिमीटरने झाली तिथे सुधारणा जास्त होणार, हे गृहीत धरण्याची सोय यातच आहे. एखाद्या रुग्णाचा एका बाजूचा दात मधेच काढावा लागला, तर जोडीची चाचणी त्या जोडीला वगळते. प्रतिरूप उरलेल्या अर्ध्या माहितीचाही उपयोग करून घेतं. लिआंग आणि झेगर यांनी १९८६ साली मांडलेली सामान्यीकृत समीकरणांची पद्धत दंतवैद्यकात फार वापरली जाते, पण ती भरपूर माणसं असतील तेव्हाच नीट चालते. आठ-दहा रुग्णांवर ती लावली तर प्रमाण त्रुटी खरीपेक्षा लहान दाखवते. आठ रुग्णांसाठी मला आठ वजाबाक्याच जास्त प्रामाणिक वाटतात.

निकाल मिलिमीटरमध्ये नसून हो-नाहीमध्ये असेल तर जोडी वेगळ्या रीतीने जपावी लागते. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांना पहिल्या कायमच्या दाढा येतात. त्यांच्या खोल खाचांमध्ये अन्न अडकून किडण्याची भीती असते, म्हणून खाचा राळेसारख्या द्रवाने बुजवतात. त्याला सीलंट म्हणतात. या उपचाराच्या चाचण्याही पुष्कळदा अर्ध्या तोंडावरच होतात, एका बाजूची दाढ बुजवलेली, दुसऱ्या बाजूची उघडी. पुन्हा बनवलेले आकडे घेऊ. शंभर मुलं, दोन वर्षांनी उघड्या दाढांपैकी ३४ किडल्या, बुजवलेल्यांपैकी १६.

एवढ्यावरून काय ठरवणार? ज्या मुलांच्या दोन्ही दाढा किडल्या किंवा दोन्ही वाचल्या, ती या तुलनेत काहीच सांगत नाहीत; त्यांच्यासाठी दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या. कौल देतात ती फक्त एकीकडेच कीड लागलेली मुलं. समजा २४ मुलांची फक्त उघडी दाढ किडली आणि ६ मुलांची फक्त बुजवलेली. मग सगळा निवाडा या तीस मुलांवर. २४ विरुद्ध ६, फरक १८, त्याचा वर्ग ३२४, भागिले ३०, उत्तर १०.८. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४७ साली हे गणित दिलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. योगायोगाने एवढा फरक क्वचितच पडतो हे १०.८ वरून कळतं.

आता लेखात फक्त ३४ आणि १६ छापलं, २४ आणि ६ छापलंच नाही, असं धरा. फरक १८ तर पक्का. पण एकीकडेच कीड लागलेली मुलं कमीत कमी १८ असू शकतात आणि जास्तीत जास्त ५०. पहिल्या टोकाला मॅकनेमारचं उत्तर १८ येतं, दुसऱ्या टोकाला साधारण साडेसहा. पुढे कोणी दहा अभ्यास एकत्र करायला बसला तर त्याला या अभ्यासाचं वजन किती धरायचं ते ठरवताच येत नाही, मग त्याला इतर कुठून तरी सहसंबंधाचा अंदाज उसना घ्यावा लागतो. एकाच माणसाच्या शरीरावर दोन उपचार करणाऱ्या चाचण्या कशा लिहाव्यात याच्या नियमावलीचा २०१७ साली आलेला विस्तार, हो-नाहीच्या निकालांची जोडीनिशी तक्ती आणि मापांच्या निकालांसाठी दोन जागांमधला सहसंबंध छापायला सांगतो तो याच कारणाने. चार चौकटींचा एक तक्ता, अर्धा इंच जागा. तरी छापला जात नाही, कारण बहुतेक सॉफ्टवेअर तो आपणहून पुढे करत नाही.

विश्लेषणाने एवढं सगळं निस्तरता येतं. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नाही.

दोन्ही बाजू एकमेकींसारख्या असतात त्या एकाच तोंडात असतात म्हणून, आणि एकाच तोंडात असतात म्हणूनच एकीचं दुसरीकडे जातं. मधे भिंत नाही, वर लाळेचा पूर. जेलमधलं क्लोरहेक्सिडीन थोडं थोडं विरघळून सगळीकडे फिरतं आणि साध्या बाजूच्या हिरड्यांनाही मदत करतं. फ्लोराइडच्या वार्निशचंही तसंच. समजा जेलचा खरा फायदा ०.६ मिलिमीटर आहे आणि त्यातला ०.२ चा वाटा पलीकडे गेला. मग वजाबाकीत ०.४ दिसणार. कक्षा कितीही अरुंद असो, ती चुकीच्या आकड्याभोवती अरुंद. उजोएल आणि टिमथी डेरूएन यांनी १९९२ साली हे स्वच्छ सांगितलं: स्प्लिट-माउथमध्ये हाती येणारा फरक उपचाराचा परिणाम आणि गळती यांच्या बेरीज-वजाबाकीचा असतो, आणि केवळ त्या आकड्यांवरून दोन्ही सुटे करता येत नाहीत. जोडीची चाचणी, बहुस्तरीय प्रतिरूप, काहीही लावा.

गळती उलटीही असते. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठातल्या मार्क क्विरिनेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असा विचार मांडला की एक बाजू आज आणि दुसरी काही आठवड्यांनी साफ केली, तर साफ न झालेल्या पॉकेटांतले, जिभेवरचे आणि टॉन्सिल्सवरचे जंतू साफ झालेल्या बाजूला पुन्हा वस्ती करतात. म्हणून सगळं तोंड चोवीस तासांत स्वच्छ करून बघायला हवं. त्या सिद्धांतावर नंतर खूप वाद झाले, पण अर्धं तोंड अस्पर्श ठेवणाऱ्या कुठल्याही रचनेला त्यातला प्रश्न लागू पडतोच: साफ बाजूला तिच्याच शेजारणीचा उपद्रव.

गळती होतेय हे कसं ओळखायचं? पहिला मार्ग म्हणजे तिसरा गट: काही रुग्ण असे घ्यायचे की ज्यांच्या दोन्ही बाजूंना नुसती सफाई, जेल कुठेच नाही. स्प्लिट-माउथमधली साधी बाजू या रुग्णांपेक्षा जास्त सुधारली तर जेल पलीकडे पोहोचलं. खर्चीक आहे, म्हणून क्वचितच केलं जातं. दुसरा मार्ग औषधाच्या स्वभावाचा: विरघळणारं जेल असेल तर धोका मोठा, दाढेत घट्ट चिकटणारी राळ असेल तर नगण्य, शस्त्रक्रियेतली टाक्याची पद्धत असेल तर जवळजवळ शून्य. न्यायाने हेही सांगायला हवं की फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ साली स्प्लिट-माउथ चाचण्या आणि वेगळ्या माणसांच्या गटांवरच्या चाचण्या जोडून बघितल्या, तेव्हा दोन्हींच्या निष्कर्षांत सरासरी फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. पण सरासरी ही सगळ्या उपचारांची. त्यात टाकेही आले आणि जेलही.

आणि काही प्रश्न या रचनेला विचारताच येत नाहीत. 'जेवताना त्रास होतो का', 'उपचाराने समाधान झालं का' ही उत्तरं रुग्ण अख्ख्या तोंडाने देतो. त्यातली अर्धी उत्तरं कुठल्या बाजूची, असं त्याला विचारायची सोय नाही.

तिने माझ्यासमोरच तिसरा रकाना भरला, वजाबाक्यांचा. जोडीची चाचणी लावली. पी-व्हॅल्यू आली. ती इतकी खुलली की विश्लेषणाचा परिच्छेद तिथेच टाइप करायला बसली: विश्लेषणाचं एकक रुग्ण, दर बाजूच्या सर्व जागांची सरासरी, रुग्णांतर्गत फरकावर जोडीची टी-चाचणी, दोन बाजूंमधला सहसंबंध सोबत दिला आहे. मी म्हटलं, छान, आता शीट उजवीकडे सरकव, शेरे काय लिहिलेस बघू.

शेऱ्यांच्या रकान्यात रुग्णांच्या तक्रारी होत्या. कोणाला सफाईनंतर थंड पाणी झोंबलेलं, कोणाला थोडं रक्त आलेलं. आणि तिच्या सुवाच्य अक्षरांत जवळजवळ निम्म्या रुग्णांपुढे एकच नोंद पुन्हा पुन्हा: पहिले दोन दिवस पूर्ण तोंड कडू.

क्लोरहेक्सिडीन कडूच असतं. तिने ती ओळ वाचली, मग साध्या बाजूच्या रकान्याकडे बघितलं, आणि बराच वेळ काही टाइप केलं नाही.